काळी एकचा पंचम, काळी चारचा सा: परफेक्ट पिच, रिलेटिव्ह पिच आणि चाळिशीनंतरचा कान

ती रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असणार. पाच-सहा वर्षांचं पोरगं कीबोर्डकडे पाठ करून बसलंय, मागून बाप एकेक सूर वाजवतोय आणि हे पठ्ठं धडाधड नावं सांगतंय, मग बाप चमच्याने ग्लास वाजवतो तर त्याचंही नाव सांगतो, खाली कमेंटमध्ये सगळे "गॉड गिफ्ट, गॉड गिफ्ट" करतायत. आणि रील संपली की लगेच जाहिरात, तीस दिवसांत परफेक्ट पिच मिळवा, आज अर्ध्या किमतीत. हे बघून आमच्याकडच्या भजनी मंडळात, गाण्याच्या क्लासच्या बाहेर, सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागला की बुवा आपलं वय झालं, आपल्याला तर नुसता सूर ऐकून काही सांगता येत नाही, म्हणजे आपला कान कच्चाच ना, आणि आता क्लास लावून उपयोग काय.

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, ती आधी निवडू.

एकच आवाज, दोन नावं

सूर म्हणजे हवेतली कंपनं, सेकंदाला जितकी जास्त तितका सूर उंच. पेटीवर प्रत्येक पट्टीची कंपनं ठरलेली असतात. पुरुष गायक बरेचदा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून, गातात, तिथे त्यांचा मधला सा साधारण 138.6 कंपनांचा असतो. आता सा पासून पंचम, म्हणजे प, किती वर, तर दीडपट. 138.6 ची दीडपट म्हणजे जवळजवळ 208.

आता बायकांची पट्टी बघा. पुष्कळ जणी काळी चारमध्ये गातात आणि पेटीवर त्या पट्टीचा सा असतो 207.65, म्हणजे तेच 208 च्या आसपास. अगदी तोच आवाज, एक केसभर इकडेतिकडे. काका काळी एकमध्ये गात असतील तर तो त्यांचा पंचम, आणि काकू काळी चारमध्ये गात असतील तर तोच आवाज त्यांचा सा.

मग "हा सूर कुठला?" या प्रश्नाची उत्तरं दोन प्रकारची होतात. कुणी काहीही आधार न घेता, कुठलाही सा न ऐकता सांगितलं की "काळी चार वाजली", तर त्याला परफेक्ट पिच आहे. आणि कुणी म्हणालं "आधी तुमचा सा ऐकवा", मग सा ऐकून सांगितलं "हा पंचम आहे", तर ते रिलेटिव्ह पिच, म्हणजे सुराचं सा शी असलेलं नातं ओळखणं. रीलमधलं पोरगं पहिलं करतंय. भजनी मंडळातल्या आजी चाळीस वर्षं दुसरं करतायत, पण त्यांची रील कोणी काढत नाही.

नाशिककरांना हे वेगळं समजवायची खरंतर गरज नाही. गोदेला पूर आला की आपण धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर विचारतो, आधी विचारतो दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, एवढ्यावर अख्ख्या गावाला परिस्थिती कळते. मारुती म्हणजे आपला सा. परफेक्ट पिचवाल्याला मारुती झाकून ठेवला तरी नुसतं पाणी बघून उंची सांगता येते. फरक एवढाच की मारुती जागचा हलत नाही आणि गाण्यातला सा मात्र माणसागणिक हलतो, आणि पुढची सगळी गंमत त्या हलण्यातच आहे.

आपलं संगीत कुठल्या बाजूला आहे

शाळेच्या प्रार्थनेला राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा कोणी पेटीवर सूर देत नाही. एका शाळेत पोरं वरून सुरू करतात, दुसऱ्या शाळेत सर खर्जातून उचलतात, तरी आपल्याला दोन्हीकडे तेच राष्ट्रगीत ऐकू येतं कारण पहिल्या तीन अक्षरांना सा, रे, ग ही चढण तशीच राहते. म्हणजे ज्याला राष्ट्रगीत ओळखता येतं आणि कोणी चुकीच्या सुरात म्हटलं तर खटकतं, त्याच्याकडे रिलेटिव्ह पिच आहेच. नावं देता येत नाहीत, एवढाच प्रॉब्लेम.

आपली लिहायची पद्धतही तशीच. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी घ्या, नाहीतर भातखंड्यांची घ्या, दोन्हीत सा रे ग म लिहितात, चिन्हं वेगवेगळी, पण बंदिश कुठल्या पट्टीत म्हणायची हे त्यात नसतं. ज्याने त्याने आपला सा धरावा. (पलुसकरांचा शेवटचा काळ आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रमात गेला आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेयबुवा 1921 मध्ये नाशकातच जन्मले, हे क्लासला जाणाऱ्या निम्म्या पोरांना माहीत नसतं म्हणून जाता जाता सांगितलं.) तंबोरासुद्धा पेटीला बांधील नाही. गायकाचा आवाज त्या दिवशी जड असेल तर तो काळी एक आणि पांढरी एकच्या मधोमध कुठेतरी तारा लावून मोकळा होतो, त्या सुराला पेटीवर नावच नाही, आणि कुणाचं काही अडत नाही.

मग परफेक्ट पिच नक्की कुणाला असतं आणि मोठेपणी येतं का

फार थोड्या लोकांना असतं, आणि ज्यांना असतं त्यातल्या बहुतेकांनी साधारण सहा-सात वर्षांच्या आत वाद्य हातात घेतलेलं असतं. चीनसारख्या ठिकाणी, जिथे सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो अशी भाषा बोलतात, तिथे प्रमाण बरंच जास्त दिसतं. डायना डॉइच आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये बीजिंग आणि अमेरिकेतल्या संगीत विद्यार्थ्यांची तुलना केली, त्यात चार-पाच वर्षांच्या वयात शिकायला लागलेल्यांपैकी बीजिंगमध्ये 60 टक्क्यांच्या आसपास मुलं परफेक्ट पिचच्या चाचणीत पास झाली आणि अमेरिकेत साधारण 14 टक्के. भाषेमुळे, की आईबापांकडून आलेल्या गुणामुळे, की शिकवायच्या पद्धतीमुळे, यावर अजून वाद आहेत.

मोठ्या माणसांचं काय? इथे जाहिरातवाले अर्धं खरं बोलतात. 2019 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी सहा प्रौढांना आठ आठवडे सराव दिला, त्यातले दोघं खरोखर परफेक्ट पिचवाल्यांच्या जवळ पोचले. म्हणजे "सात वर्षांनंतर दार बंद" हे जे छातीठोक सांगायचे ते तितकंसं खरं नाही. पण सहातले चौघं पोचले नाहीत हेही बघा, आणि आठ आठवडे बसून शेवटी हातात काय आलं तर सूर वाजला की पट्टीचं नाव सांगता येतं. आपल्या गाण्यात ते नाव जिथे लागतं ती जागा म्हणजे पेटीवाल्याला पट्टी सांगणं, आणि ते काम पेटीची एक पट्टी दाबून दोन सेकंदात होतं. माझं स्पष्ट मत, त्या आठ आठवड्यांत गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, ओळखायला शिका.

"पण मला आवडत्या गाण्याची पट्टी बरोब्बर आठवते की"

येते, आणि ते खोटं नाही. डॅनिएल लेव्हिटिनने 1994 मध्ये साध्या कॉलेजच्या पोरांना, ज्यातले बरेच गाणारे नव्हते, आवडतं गाणं आठवून गायला सांगितलं. अशी दोन गाणी गायला सांगितल्यावर साधारण 40 टक्के लोक निदान एकदा तरी अगदी मूळ रेकॉर्डच्याच पट्टीत गायले. रोज ऐकलेली रेकॉर्ड डोक्यात पट्टीसकट बसते. फरक इतकाच की ती त्या एका गाण्यापुरती असते आणि तिला नावाचं लेबल नसतं.

तसंच वर्षानुवर्षं काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला पेटीशिवाय सा लावायला सांगा, बहुतेक वेळा जवळपास लागतो. तिला तिथे गळ्याची ओळख असते, अमुक ताण पडला की सा आला. सर्दी झाली की हा अंदाज हमखास खाली घसरतो, त्यावरून कळतं की ते कानाचं काम नव्हतं.

परफेक्ट पिच असण्याचाही त्रास असतो

हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. जपानच्या केन्इची मियाझाकींनी 1990 च्या दशकात दाखवलं की परफेक्ट पिचवाल्यांपैकी काहींना सुरांमधली अंतरं ओळखताना, विशेषतः पट्टी बदलली की, उलट अडखळायला होतं. कारण त्यांच्या कानात "काळी चार" हे नाव आधी ओरडतं आणि "पंचम" हे नातं मागे राहतं. तंबोरा दोन पट्ट्यांच्या मधोमध लावला की अशा माणसाला सतत काहीतरी खुपत राहतं, शेजारच्या काकांना मात्र पत्ताही नसतो.

शिवाय ते वाटतं तितकं परफेक्टही नसतं. चाळिशी-पन्नाशीनंतर अशा अनेकांना सगळेच सूर अर्धी पट्टी चढे ऐकू यायला लागतात, जन्मभर ज्यावर भरवसा ठेवला तेच हलतं. आणि एका प्रयोगात तर एक मोठी सिंफनी वाजता वाजता अगदी हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, पट्टीच्या एक तृतीयांश इतकी उतरवत नेली, तर परफेक्ट पिचवाल्यांना नंतर उतरलेलेच सूर बरोबर वाटायला लागले. म्हणजे त्यांचाही कान शेवटी आजूबाजूला काय चाललंय त्याच्याशी जुळवून घेतोच.

आता मुद्द्याचं: मोठ्या माणसाचा कान तयार होतो का

होतो, आणि एक गोष्ट तर आश्चर्य वाटावं इतक्या लवकर होते. दोन जवळजवळच्या सुरांपैकी कुठला वरचा हे ओळखण्यात न शिकलेली माणसं सुरुवातीला वर्षानुवर्षं शिकलेल्या वादकांपेक्षा सहापटीहून जास्त कच्ची होती, पण चार ते आठ तासांच्या सरावात त्यांच्या बरोबरीला आली, असं मिशेल आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं. चार ते आठ तास! वर्षं नाहीत.

पण यात फसू नका. दोन सुरांत फरक आहे हे कळणं एक, आणि तंबोरा चालू असताना एकटा सूर ऐकून "हा कोमल गंधार", म्हणजे शुद्ध गंधारापेक्षा एक पट्टी उतरलेला, म्हणणं वेगळं. पहिलं तासांत येतं, दुसऱ्याला महिने लागतात, कारण तिथे प्रत्येक सुराची सा च्या संगतीतली चव लक्षात ठेवायची असते. ते कसं होतं ते एका उदाहरणातून बघू.

वहिनींचा गंधार

आमच्या सोसायटीत एक वहिनी आहेत, पंचेचाळिशीच्या, भजनी मंडळात छान गातात, पण घोळक्यात. एकटीला सांगितलं की शुद्ध गंधाराच्या जागी कोमलकडे घसरायच्या आणि त्यांना ते कळायचं नाही. म्हणायच्या "माझा कानच नाही हो."

पहिलं काम पट्टी ठरवायचं. खाली मंद्र पंचम आणि वर तार गंधार ओरडल्याशिवाय लागायला हवा, त्या हिशोबात त्यांची काळी चार निघाली. फोनवर तानपुऱ्याचं ॲप, पण फोनच्या स्पीकरवर नाही, कारण त्या इवल्या स्पीकरमधून खर्जाची तार जवळजवळ येतच नाही, म्हणून हेडफोन किंवा जरा मोठा स्पीकर. तंबोऱ्याच्या तारा पंचम, सा, सा आणि शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा.

आता गंधारच का निवडला? कारण तो तंबोऱ्यात आयता आहे. कुठलीही तार छेडली की तिच्या मूळ सुरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूर निघतात, आणि खर्जाच्या तारेतला पाचपटीचा सूर म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. याला गाणारे लोक स्वयंभू गंधार म्हणतात. चांगली जवारी काढलेल्या, म्हणजे तार गुंजत राहील अशा बेताने लावलेल्या, खऱ्या तंबोऱ्यात खर्ज वाजल्यावर एक-दोन सेकंदांनी तो वर तरंगताना ऐकू येतो. वहिनींना तो ऐकवायला आठवडा गेला, सुरुवातीला "मला काही ऐकू येत नाही, तुम्ही उगाच सांगताय" असंच चाललं होतं, मग त्यांना तोच गंधार आधी हळू गुणगुणायला लावला आणि लगेच गप्प बसून तार ऐकायला लावली, तेव्हा सापडला. कान कुठे लावायचा हे कळलं की तो दिसेनासा होत नाही.

नंतर चाचणी. त्यांच्या मुलीने पेटी घेतली, आई पाठ करून बसली, तंबोरा चालू. काळी चारच्या सा ला शुद्ध गंधार म्हणजे वरची पांढरी एक, कोमल गंधार म्हणजे तिच्या लगतची पांढरी सात. मुलीने नाणं उडवून छाप आली की शुद्ध, काटा आला की कोमल, असं वीस वेळा वाजवायचं. नाणं मुद्दाम, कारण माणूस आपल्या मनाने वाजवायला लागला की नकळत आलटून पालटून वाजवतो आणि ऐकणारा तोच पॅटर्न पकडतो. वीसपैकी अकरा बरोबर आले. वहिनी खुश, मी मात्र नाही, कारण दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजाने दहा बरोबर येतातच. अकरा म्हणजे काहीच कळत नाही असा अर्थ. पंधराच्या पुढे गेलं तर काहीतरी शिकलं जातंय असं धरायला हरकत नाही.

मग रोज पंधरा मिनिटं. आधी सा पाच-सहा श्वास भरून धरायचा, मग सा-ग, परत सा, मग सा-कोमल ग, परत सा. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं, कारण गाताना आपला आवाज हाडातून आपल्याच कानात शिरतो आणि सूर लागलाय असं खोटं समाधान मिळतं. आणि मग पाठ करून चाचणी. महिन्याभरात वीसपैकी सतरा-अठरा यायला लागले.

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि इथेच खरी परीक्षा असते. मी मुलीला म्हटलं, तंबोरा काळी पाचवर ने. आता शुद्ध गंधार पांढरी दोन झाला आणि कोमल गंधार काळी एक. त्याच दिवशी, त्याच वहिनी, वीसपैकी बारा. काय झालं होतं तर त्यांनी गंधार शिकलाच नव्हता, त्या पेटीच्या पांढरी एक या पट्टीचा आवाज पाठ केला होता. घरगुती पेटीत प्रत्येक पट्टीचा आवाज थोडा वेगळा असतो, एखादी घरघरते, एखादी जरा चिरकी असते, आणि कान तेवढ्यावर भागवून घेतो. मजा म्हणजे नकळत त्या परफेक्ट पिचच्या वाटेला लागल्या होत्या, एका पेटीपुरत्या.

त्यानंतर नियम केला, पट्टी रोज बदलायची, कधी पेटी, कधी मुलीचा आवाज, कधी बासरीचा सूर ॲपमधून. मार्क आधी पडले, मग हळूहळू वर आले आणि यावेळी कुठल्याही पट्टीत तेवढेच राहिले. सुरू केल्यापासून हे स्थिर व्हायला चारेक महिने गेले.

पेटीवर एवढा भरवसा नको

हे थोडं किचकट आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेटी सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करून लावलेली असते, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येते. त्यात पंचम जवळपास बरोबर येतो पण शुद्ध गंधार जरा चढा राहतो. काळी चारच्या सा ला तंबोऱ्याशी मिळणारा गंधार 259.6 कंपनांचा, पेटीचा 261.6. दोन कंपनांचा फरक, ऐकायला काहीच नाही वाटत, पण तंबोऱ्यासोबत पेटीचा गंधार लांब धरून ठेवा आणि नीट ऐका, आवाजात एक बारीक भराभर थरथर येते. तीच जागा गळ्याने किंचित उतरवत आणली की थरथर मंदावत मंदावत नाहीशी होते आणि आवाज एकदम स्थिर, भरलेला वाटतो. तंबोरा लावणारे जोडीच्या तारा मिळवताना हेच ऐकत असतात, लाट लांबत गेली आणि विरली की तार मिळाली.

ओळखायला शिकताना पेटी चालेल, पण सूर कुठे थांबवायचा हे तंबोऱ्याकडून शिका. नाहीतर माणूस जन्मभर कणसूर गातो आणि पेटी त्याला "बरोबर आहे" म्हणत राहते.

"कान आहे हो, गळाच साथ देत नाही"

ही तक्रार बरेचदा खरी असते, आणि तिची चाचणी सोपी आहे. आपलंच रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. चूक कुठे झाली हे ऐकताना बोट ठेवून दाखवता आलं तर कान ठीक आहे, काम गळ्याचं आहे, श्वास आणि आवाजाचं. ऐकूनही काहीच खटकलं नाही तर कानापासून सुरुवात. वहिनींचं दुसरं होतं. क्लासमध्ये दोघांनाही एकच औषध देतात, "अजून पलटे करा", आणि कानाचं दुखणं असलेला माणूस चुकीचा गंधार हजार वेळा घोटून अजून पक्का करतो.

खरोखर ज्यांना सूर म्हणजे काय हेच उमगत नाही, ओळखीचं गाणंसुद्धा चालीवरून ओळखता येत नाही, असे लोक असतात, पण ते दीडेक टक्क्याच्या आसपास. तुम्हाला राष्ट्रगीत नुसत्या बासरीवर ऐकून ओळखता येत असेल तर तुम्ही त्यात नाही, तेव्हा "माझा कानच नाही" हे पालुपद बंद करा.

आणखी एक घोटाळा मोठ्यांमध्ये फार होतो. सर पुरुष, शिकणारी बाई, किंवा उलटं. सर काळी एकमध्ये सा देतात आणि शिकणारी तिच्या गळ्याला सोयीचा म्हणून पंचमालाच सा समजून बसते, कारण पंचम सा शी इतका मिसळतो की काही चुकतंय असं वाटतच नाही. पुढचं सगळं गाणं मग पंचमावरून सुरू. ओळखायची खूण अशी की ती "सा" वर थांबली की तंबोऱ्याचा खर्ज ऐकताना गाणं संपल्यासारखं वाटत नाही, अर्धवट लोंबकळत राहतं.

किती पुढे जाता येतं

सहा महिने-वर्षभर असं केलं की साधारण नोकरदार माणसाला तंबोऱ्यावर एकटा सूर ओळखता येतो, संथ चालीचं भजन ऐकून त्याची सरगम कागदावर काढता येते, मध्ये अडखळत, मागे जाऊन ऐकत, पण येते. द्रुत तान ऐकून सूर सांगणं येत नाही, ते लहानपणापासून गाणाऱ्यांनाही तान डोक्यात हळू करूनच सांगावं लागतं. मींडेमध्ये, जिथे सूर एका जागी थांबतच नाही, तिथे कोमल ऋषभ नक्की कुठे होता हे वहिनींना अजून कळत नाही, आणि खरं सांगू तर त्यावर दोन गाणारे पण भांडतात.

सराव सोडला तर गंज चढतो. दिवाळीच्या गडबडीत वहिनींचे तीन आठवडे बुडाले, परत चाचणी घेतली तर चौदा. पण परत वर यायला महिना लागला नाही, आठवड्यात आले.

आणि मग पोरांना परफेक्ट पिचच्या क्लासला घालावं का

आईबापांचा हा प्रश्न हल्ली फार. वेस्टर्न पियानो शिकवणार असाल, तेही पाच वर्षांच्या आत, तर सुरांची नावं खेळता खेळता शिकवायला काही बिघडत नाही, आलं तर आलं. पण हिंदुस्तानी गाणं शिकवणार असाल तर एकाच पट्टीत सा घोटून घेणाऱ्या क्लासपासून जरा सांभाळून. पोरगा नऊ वर्षांचा असताना काळी चारमध्ये गातो, पेटीच्या पट्ट्यांवर बोटं आणि कान दोन्ही बसतात, आणि तेरा-चौदाला आवाज फुटला की पट्टी एकदम खाली, पांढरी एक नाहीतर काळी एकवर येते. ज्याने सगळं काळी चारच्या नावाने पाठ केलंय तो तिथे क्लास सोडतो, "आवाज गेला" म्हणतो. ज्याला सा दिला की गंधार सापडतो, त्याला सर नवीन सा देतात आणि पुढच्या बंदिशीला सुरुवात होते.